अनुवाद कच्चा आहे, हे ओळखायचं कसं?

पुण्या-मुंबईच्या अनुवाद एजन्स्यांना हल्ली एक ईमेल वरचेवर येते. काम पोचवून दोन-चार दिवस झालेले असतात आणि क्लायंट लिहितो, "तुमचा मजकूर आम्ही गूगल ट्रान्सलेटशी ताडून पाहिला. 80 टक्के तोच आहे. मग तुम्ही काय केलंत?" सोबत दोन रकान्यांचा तक्ता असतो, सारखे शब्द पिवळे केलेले. तोवर बिल अडकून पडतं, आणि अनुवादकाला आपण काम केलं हे कसं सिद्ध करावं ते कळत नाही.

क्लायंटची शंका अगदीच अनाठायी नसते. 2017 पर्यंत मशीनचं मराठी पहिल्या ओळीतच पकडता यायचं. कर्ता एका लिंगाचा, क्रियापद दुसऱ्या, आणि शब्दांची रांग इंग्रजीच्या मागून चाललेली. त्या वर्षी गूगलने मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली आणि वाक्यं सरळ वाहू लागली. चुका संपल्या नाहीत, आत लपल्या. आता वरवर वाचणाऱ्याला कच्चा मसुदाही ठीकच वाटतो, आणि म्हणूनच तो तसाच पुढे ढकलण्याचा मोह होतो.

या कामाला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. मशीनने मसुदा द्यायचा, माणसाने मूळ इंग्रजी समोर ठेवून तो तपासायचा आणि दुरुस्त करायचा. दर नव्या अनुवादापेक्षा कमी असतो, कित्येकदा निम्म्याच्या आसपास. या कामासाठी आयएसओ 18587 हे स्वतंत्र मानक 2017 मध्ये आलं. नेहमीच्या अनुवादसेवेसाठी असलेलं आयएसओ 17100 मशीनच्या मसुद्यावरचं काम आपल्या कक्षेत धरतच नाही. 18587 मध्ये 'पूर्ण' पोस्ट-एडिटिंगची अपेक्षा अशी की शेवटचा मजकूर माणसाने केलेल्या अनुवादाच्या तोडीचा हवा: काही गाळलेलं नको, काही घुसवलेलं नको, परिभाषा ठरल्याप्रमाणे हवी आणि अर्थ धूसर असेल तिथे वाक्य नव्याने बांधलेलं हवं. किती टक्के शब्द बदलले पाहिजेत, याचा आकडा त्यात नाही.

उलट टाउस या संस्थेने 2010 साली काढलेल्या आणि या धंद्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूचना सांगतात की मशीनचं जेवढं वापरता येईल तेवढं वापरा. म्हणजे चांगल्या पोस्ट-एडिटरने बरोबर वाक्याला हात लावायचाच नसतो. 'तुमचा सहभाग ऐच्छिक आहे' हे मशीनने बरोबर लिहिलं असेल, तर ते बदलण्यात वेळ घालवायला कोणी पैसे दिलेले नाहीत. ते वाक्य क्लायंटच्या तक्त्यात पिवळंच दिसणार. सारखेपणाच्या टक्केवारीत दुरुस्त्या किती झाल्या ते येतं; त्या योग्य जागी झाल्या का, हे त्यात येत नाही. माझ्या मते बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

हे एका कागदावर पाहू. औषधांच्या चाचण्यांमध्ये सहभागी होणाऱ्यांना दिलं जाणारं संमतीपत्र घ्या. 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला माहिती तिला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या चाचण्यांचे असे कागद सतत मराठीत होत असतात. नमुन्यासाठी सहा पानांचं, साधारण 160 वाक्यांचं एक संमतीपत्र धरा. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रोजच्या कामात चित्र असंच दिसतं.

त्यातल्या एका वाक्याचा मशीनने दिलेला मसुदा: 'तुम्ही गर्भवती असाल किंवा नर्सिंग करत असाल तर तुम्ही या अभ्यासात भाग घेऊ नये.' वाचायला अडत नाही. पण इंग्रजीतलं नर्सिंग म्हणजे इथे बाळाला दूध पाजणं. मराठी बाई नर्सिंग म्हटल्यावर परिचारिकेचं काम समजेल, आणि अंगावर पिणारं मूल असलेली आई 'हे आपल्याला लागू नाही' म्हणून सही करील. दुरुस्त वाक्य: 'तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर या अभ्यासात भाग घेऊ नये.' तीन शब्द बदलले, एक वाढला, एक गेला. शेवटच्या वाक्यात 14 शब्द आहेत, म्हणून बदल 14 पैकी 5, म्हणजे सुमारे 36 टक्के. बदलांची संख्या भागिले अंतिम शब्दसंख्या, हाच या क्षेत्रातल्या टीईआर या मापाचा गाभा. हे माप 2006 पासून वापरात आहे.

दुसरं वाक्य: 'दर दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक गोळी घ्या.' पोस्ट-एडिटर तिथे 'एक दिवसाआड' करतो, कारण 'दर दुसऱ्या दिवशी' वाचून कोणी दिवस मोजत बसतो आणि कोणी थेट उद्यापासून रोज घेतो. बदल दोन-तीन शब्दांचा, पण गोळ्यांचा हिशेब त्यावर ठरतो. तिसरं वाक्य भरपाईचं. नियमात असं आहे की चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेल तोपर्यंत, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर मोफत उपचार मिळतील. मशीन हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात कोंबतं आणि 'यांपैकी जे आधी घडेल' हे कशाला लागू आहे ते वाचणाऱ्याने शोधायचं. चांगला माणूस ते वाक्य मोडून तीन वाक्यं करतो. तिथे मशीनचं जवळजवळ काहीच उरत नाही.

आता 160 वाक्यांचा हिशेब मांडा. प्रामाणिक कामात 70 वाक्यं जशीच्या तशी राहतात, 60 मध्ये एखाद-दुसरा शब्द हलतो आणि 30 पार मोडून नव्याने बांधली जातात. ही 30 एकसारखी पसरलेली नसतात. गर्भधारणा, मात्रा, दुष्परिणाम, भरपाई, चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क, अशा जागी ती गोळा झालेली असतात. पत्ता-फोनच्या पानावर एकही बदल नसतो. सगळ्याची मिळून सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास येते.

लबाडीच्या कामाचीही सरासरी तेवढीच असू शकते. कच्चा मसुदा घेऊन त्यावर फक्त रंगसफेदी केलेली असते. 'आणि'चं 'व', 'आवश्यक आहे'चं 'गरजेचं आहे', 'परंतु'चं 'पण'. हे बदल जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडे थोडे दिसतात, आणि 'नर्सिंग करत असाल' मात्र तसंच उभं असतं. म्हणून तपासणाऱ्याने एकूण टक्केवारीकडे नव्हे, वाक्यागणिक टक्केवारीकडे पाहायला हवं. खऱ्या कामाचा आलेख खडबडीत असतो. सगळीकडे पंधरा-वीस टक्के असा सपाट आलेख दिसला की मी सावध होतो.

मराठीपुरती एक खूण तर हमखास सापडते. बदल जास्त दिसावेत म्हणून कोणी 'अभ्यास' हा शब्द एका झटक्यात सगळीकडे 'संशोधन' करून टाकतो. एका आज्ञेत साठ वाक्यं बदलली, टक्केवारी फुगली. पण अभ्यास पुल्लिंगी आणि संशोधन नपुंसकलिंगी. मग जागोजागी 'हा संशोधन सुरू झाल्यानंतर', 'संशोधन पूर्ण झाला की' अशी वाक्यं उरतात. मूळ मशीनने ही चूक केलेली नव्हती. वाक्य वाचून बदल करणाऱ्या माणसाकडूनही ती सहसा होत नाही. ती होते न वाचता बदल करणाऱ्याकडून.

याच्या उलट, क्लायंटच्या तक्त्यात 'बदललेला' दिसणारा शब्द कधी कधी बदललेलाच नसतो. मराठीतला 'दुसऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात आडव्या र साठी स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करणारं साधन त्यांना वेगळे शब्द मानतं. कीबोर्ड बदलला की सगळ्या मजकुरातले असे शब्द 'संपादित' होतात. देवनागरी आकडे आणि रोमन आकडे यांचंही तेच. तेव्हा अक्षरागणिक मोजलेली टक्केवारी मराठीत आणखीच कच्ची ठरते. मोजण्याआधी दोन्ही मजकूर एकाच साठवणुकीत आणून घ्यावेत. पण इतकी तसदी सहसा कोणी घेत नाही.

आणखी एक अडचण क्लायंटच्या पद्धतीतच आहे. अनुवादकाने मार्चमध्ये एका इंजिनाचा मसुदा घेतला आणि क्लायंटने जूनमध्ये दुसऱ्या इंजिनाशी ताडून पाहिलं, तर निघणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. इंजिनं बदलत राहतात. आज मिळालेलं वाक्य तीन महिन्यांनी तसंच मिळेल याची खात्री नाही. त्यातून गोपनीय संमतीपत्र फुकटच्या वेबसाइटवर चिकटवून तपासणं म्हणजे जी अट अनुवादकाकडून लिहून घेतली तीच स्वतः मोडणं. याला उपाय साधा आहे. काम सुरू होतानाच मशीनचा मसुदा तारखेसह आणि इंजिनाच्या नावासह वेगळा जपून ठेवायचा. मसुदा क्लायंटने दिला असेल तर तो त्याच्याकडे असतोच. अनुवादकाने स्वतः काढला असेल, तर तो कच्चा मसुदा आपणहून सोबत द्यावा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. उलट आपण काय बदललं ते दाखवायला तोच आधार आहे.

औषधक्षेत्रात उलट-अनुवादाची जुनी तपासणी चालते. मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मूळ इंग्रजीशी ताडायचा. माणसाच्या अनुवादासाठी ती उपयोगाची होती. कच्च्या मशीन-अनुवादापुढे ती फसते, कारण शब्दाला शब्द लावलेला मजकूर इंग्रजीत परत नेला की मूळ इंग्रजीशी छान जुळतो. 'नर्सिंग करत असाल' परत जाऊन अचूक नर्सिंग होतं आणि तपासणारा बरोबरची खूण करतो. 'अंगावर पाजत असाल' मात्र ब्रेस्टफीडिंग होऊन परत येतं, आणि 'मूळ शब्दापासून फरक' असा शेरा पडतो. उलट-अनुवादही मशीननेच केला असेल, तर मशीनने मशीनला पास केलं एवढंच सिद्ध होतं. संमतीपत्र त्या वयोगटातल्या दोन-तीन मराठी माणसांना वाचायला देऊन 'यात काय सांगितलंय?' एवढं विचारलं, तर याहून जास्त कळतं.

मजकूर एआयने लिहिला का, हे ओळखण्याचा दावा करणारी साधनं इथे कामाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी 2023 मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. इंग्रजीबाहेर ते आणखी कमी भरवशाचं आहे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यातून पोस्ट-एडिटिंगच्या कामात मशीनचा हात आहे हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत असतं, तेव्हा असं साधन नको त्या प्रश्नाचं उत्तर देतं.

मग माणूस आपलं काम दाखवतो कसं? पहिली जागा म्हणजे कामाची फाइल. ट्रॅडॉस, मेमोक्यू, फ्रेज, मेटकॅट यांसारखी अनुवादाची साधनं मजकुराचे वाक्यागणिक तुकडे करतात; त्यांना सेगमेंट म्हणतात. तो तुकडा केव्हा बदलला, कोणी बदलला, याच्या नोंदी फाइलमध्ये राहतात. अनुवादाच्या स्मृतीची टीएमएक्स फाइल उघडली तर एखादी नोंद अशी दिसते:

```
<tu creationdate="20250310T043000Z"
    changedate="20250311T035012Z" changeid="PE-2">
```

म्हणजे हा तुकडा 10 मार्चला तयार झाला आणि 11 मार्चला 'PE-2' या नावाने काम करणाऱ्याने तो बदलला. शेवटचं Z महत्त्वाचं. ही वेळ ग्रिनिचची आहे. '035012' पाहून क्लायंटला वाटतं की पहाटे चारच्या सुमारास कोणी झोपेत बटणं दाबली. त्यात साडेपाच तास मिळवले की सकाळचे 9:20 होतात. हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.

अशा वेळांच्या रांगेतून बरंच दिसतं. पंचवीस शब्दांची चाळीस वाक्यं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने कन्फर्म झालेली असतील, तर ती कोणी वाचलेली नाहीत. इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचायचं तर दोन सेकंदांत पहिली ओळही होत नाही. खऱ्या कामात पत्त्याची ओळ तीन सेकंदांत पुढे जाते आणि भरपाईच्या वाक्यावर चार मिनिटं जातात. पण ही खूण एकतर्फी आहे. कोणी वर्डमध्ये मजकूर नेऊन निवांत दुरुस्त करतो आणि शेवटी एकदम फाइलमध्ये परत आणतो. मग सगळ्या वेळा एकच दिसतात आणि काम मात्र झालेलं असतं. वेळेच्या नोंदीवरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

दुसरी जागा मला फाइलपेक्षा मोलाची वाटते, ती म्हणजे शंकांची यादी. सहा पानांच्या कुठल्याही इंग्रजी संमतीपत्रात काही ना काही गोंधळ असतोच. पान 2 वर दवाखान्यात चार भेटी, पान 5 च्या तक्त्यात पाच. एका जागी 'स्टडी डॉक्टर', दुसऱ्या जागी 'इन्व्हेस्टिगेटर', आणि ती एकच व्यक्ती आहे की दोन हे स्पष्ट नाही. वाचणारा माणूस इथे अडतो आणि क्लायंटला विचारतो. अनुवादाचं इंजिन अडत नाही. चार म्हटलं तिथे चार लिहितं, पाच म्हटलं तिथे पाच, आणि पुढे जातं. म्हणून काम देताना काही अनुभवी क्लायंट मूळ मजकुरातली अशी विसंगती मुद्दाम तशीच सोडतात आणि प्रश्न येतो का, याची वाट पाहतात. मला हे थोडं कपटी वाटतं, विशेषतः दर निम्मा असताना. पण उपयोगी आहे हे मान्य करावं लागतं.

अनुवादकाने ही यादी मागितल्याशिवायही द्यावी. त्यासोबत दहा-पंधरा महत्त्वाच्या वाक्यांचा छोटा तक्ता जोडावा: मशीनचं वाक्य, आपलं वाक्य, आणि शेवटच्या रकान्यात कारण, एका ओळीत. 'नर्सिंग: परिचारिकेचा अर्थ निघतो, स्तनपान अभिप्रेत.' 'पान 3: तुम्ही आणि आपण यांची सरमिसळ, सगळीकडे तुम्ही केलं.' 'गोळ्यांचं वेळापत्रक: मूळ प्रोटोकॉलशी ताडून पाहिलं.' अख्ख्या कागदाचा असा तक्ता करायला कोणालाही परवडणार नाही आणि त्याची गरजही नसते. धोक्याच्या जागा कोणत्या हे अनुवादकाला कळलं, एवढं त्यातून दिसलं की पुरे. ज्याने मजकूर वाचलेला नाही, त्याला शेवटचा रकाना भरता येत नाही.

न बदललेल्या वाक्यांबद्दलही उत्तर देता आलं पाहिजे. वाद झालाच तर सर्वांत न्याय्य रीत म्हणजे दोघांनी फोनवर किंवा समोरासमोर बसून पिवळ्या वाक्यांतली दहा निवडायची. निवड क्लायंटने करावी. प्रत्येक वाक्यात दुरुस्तीची गरज होती का, आणि होती तर ती सुटली का, एवढंच पाहायचं. दहापैकी नऊ वाक्यं मुळात बरोबरच निघाली, तर 80 टक्क्यांचा तक्ता बाजूला ठेवून बिल द्यावं. चारमध्ये अर्थाची चूक तशीच राहिलेली सापडली, तर टक्केवारी 40 असली तरी काम परत पाठवावं, आणि त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे अनुवादकाने मागू नयेत.

हे सगळं कामाच्या आदेशात आधीच लिहिलेलं बरं: मशीन वापरायला परवानगी आहे की नाही, कोणतं इंजिन, कच्चा मसुदा कोणी जपायचा, हलकी दुरुस्ती हवी की पूर्ण, काम परत पाठवण्याची कसोटी काय. एजन्सीच्या आदेशात बहुतेक वेळा फक्त 'एमटीपीई, अमुक शब्द, अमुक दर' एवढीच ओळ असते. हलक्या दुरुस्तीचा दर देऊन पूर्ण दुरुस्तीची अपेक्षा ठेवणारे क्लायंट मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि पूर्ण दुरुस्तीचं बिल लावून फक्त स्पेलचेक चालवणारे अनुवादकही. त्या एका ओळीत दोघांनाही आपल्या सोयीचा अर्थ लावता येतो. म्हणून पुढच्या वेळी काम घेताना त्या ओळीखाली आणखी चार ओळी मागून घ्या, आणि त्या मिळेपर्यंत फाइल उघडू नका.